वाकणारे खांब : हातात धरून केलेल्या चित्रणाचं स्थिरीकरण आणि त्याची मर्यादा

## पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातला चौसोपी वाडा वाटण्यांनंतर उतरवायचं ठरलं. घरातला एक नातू पुण्यात नोकरी करतो. वाडा उतरवण्याआधी त्यानं आजीला सगळीकडे फिरवलं आणि तिच्या मागून चालत चित्रण केलं. त्यातला मुख्य शॉट दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा आहे आणि त्यात एकही कट नाही. आजी दिंडी दरवाजातून आत येते, ओसरीवरून चौकात उतरते, सोप्यातून माजघरात जाते आणि देवघरापाशी थांबते. चालता चालता ती बोलत राहते. कुठल्या खांबाला कुणाचा पाळणा बांधला होता, कुठल्या कोनाड्यात दिवा असायचा, कुठल्या तुळईला कीड लागली म्हणून आजोबांनी ती बदलून घेतली, असं सगळं त्यात आहे.

एपीएस-सी सेन्सरचा मिररलेस कॅमेरा, त्यावर १६ मिलिमीटरची लेन्स, ४के चित्रण, सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०, अशी एकूण मांडणी होती. कॅमेऱ्यात किंवा लेन्समध्ये स्थिरीकरणाची सोय नव्हती. गिंबल, म्हणजे चालताना कॅमेरा तोलून धरणारा दांडा, तोही नव्हता. काही क्लिपा मोबाइलवरही घेतलेल्या होत्या.

फुटेज आमच्याकडे एडिटला आलं तोवर वाडा उतरवला गेला होता. खांब आणि तुळया विकल्या गेल्या होत्या. पुन्हा चित्रण करण्याचा पर्यायच उरला नव्हता, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिण्यासारखं आहे. एरवी डळमळीत शॉटवरचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे तो परत घेणं.

## अडचण

नातवानं फुटेजबरोबर दोन फाइली आणल्या होत्या. एक मूळ आणि दुसरी त्यानं घरीच प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमधला वॉर्प स्टॅबिलायझर, म्हणजे डळमळ काढणारा इफेक्ट, लावून रेंडर केलेली. इफेक्ट क्लिपवर ओढून टाकल्यावर जे आपोआप येतं तेच सेटिंग त्यानं ठेवलं होतं: Result मध्ये Smooth Motion, Smoothness ५० टक्के आणि Method मध्ये Subspace Warp.

मूळ फाइल बघवत नव्हती. पावलागणिक फ्रेम खाली आदळत होती, वर हाताची बारीक थरथर होतीच. दुसऱ्या फाइलीत आदळणं गेलं होतं, पण तीही बघवत नव्हती. घरात ती टीव्हीवर लावली तेव्हा काका म्हणाले, "कोयनेच्या भूकंपाला दाद दिली नाही ह्या खांबांनी, आणि इथं बघा कशी नाचतायत." नातवाला वाटलं होतं की स्थिरीकरण कमी पडलं, म्हणून त्यानं Smoothness आणखी वाढवून पाहिलं. खांब आणखी नाचले.

ही चूक अगदी नेहमीची आहे. चित्र अस्वस्थ वाटतं, पण हलतंय म्हणून की वाकतंय म्हणून, हे पटकन सांगता येत नाही. मोबाइलच्या पडद्यावर तर बहुतेक वेळा फरक जाणवतच नाही. नातवानंही आधी मोबाइलवरच पाहिलं होतं आणि खूश झाला होता.

## हलणं की वाकणं

उपाय शोधण्याआधी बिघाड नेमका कसला, ते ठरवायचं होतं. त्यासाठी सोप्यातला साधारण वीस सेकंदांचा तुकडा निवडला. तिथे दोन्ही बाजूंना लाकडी खांब आहेत, वर तुळया आहेत आणि मागे चुन्याची सपाट भिंत. सरळ रेषांची इतकी दाटी दुसरीकडे क्वचितच मिळेल, आणि वाकणं सगळ्यात आधी दिसतं ते सरळ रेषांतच. झाडंझुडपं, डोंगर किंवा माणसांची गर्दी असली की तेवढंच वाकणं खपून जातं.

पहिली तपासणी अगदी साधी होती. प्रोग्राम मॉनिटरवर एक उभी गाइड रेषा खांबाच्या कडेला लावली आणि एकेक फ्रेम पुढे सरकवली. मूळ फाइलीत खांब रेषेपासून दूर जात होता, कधी थोडा कलत होता, पण खांब म्हणून सरळच राहत होता. स्थिर केलेल्या फाइलीत खांबाची वरची टोकं आणि बैठक रेषेवर होती, मधला भाग मात्र बाहेर फुगला होता. सात-आठ फ्रेमनंतर तोच भाग आत गेला. कलणारी रेषा कॅमेऱ्याच्या हालचालीमुळे येऊ शकते, धनुष्यासारखी बाकणारी रेषा मात्र साध्या सरकण्यामुळे किंवा फिरण्यामुळे येत नाही.

दुसऱ्या तपासणीत पडद्याच्या मध्याकडे बघायचंच नाही. आपली नजर आजीच्या पाठीवर खिळते आणि सॉफ्टवेअरही बहुतेकदा मधला भाग नीट सांभाळतं, म्हणून चारही कोपरे मुद्दाम बघायचे. इथे वरच्या डाव्या कोपऱ्यातली तुळई रबरासारखी लांब-आखूड होत होती.

तिसरी तपासणी जरा चिकाटीची आहे, पण तिच्यानंच शंका फिटते. एकाच टणक वस्तूवरचे दोन बिंदू धरायचे. आम्ही मागच्या भिंतीतल्या कोनाड्याचे डावे-उजवे काठ धरले. कॅमेरा पुढे चालतोय म्हटल्यावर कोनाडा हळूहळू मोठा होत जायला हवा. मूळ फाइलीत तो तसाच होत होता. स्थिर केलेल्या फाइलीत त्याची रुंदी वाढायची, कमी व्हायची, पुन्हा वाढायची, आणि हे साधारण १६-१७ फ्रेमच्या अंतरानं होत होतं. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर हा ताल सेकंदाला दीड पावलाचा झाला. आजीच्या मागे सावकाश चालणाऱ्या नातवाच्या पावलांचा तोच ताल. म्हणजे सॉफ्टवेअरनं पावलांचा हेलकावा फ्रेममधून काढला खरा, पण तो भिंतीत नेऊन ठेवला.

एक शंका उरली होती. वाकण्यातला काही भाग मूळ चित्रणातच तर नसेल? असल्या कॅमेऱ्याचा सेन्सर सगळी फ्रेम एका क्षणात वाचत नाही, वरून खाली ओळीओळीनं वाचतो. वाचता वाचता कॅमेरा झटक्यानं हलला तर उभा खांब तिरपा किंवा नागमोडी नोंदला जातो. याची खात्री करायला एफएफएमपेग या आज्ञांवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधला विड-स्टॅब हा स्थिरीकरणाचा फिल्टर वापरला. हे हत्यार फ्रेम सरकवू शकतं, फिरवू शकतं, लहान-मोठी करू शकतं, पण फ्रेमचा एक भाग ओढून दुसरा ढकलणं त्याला येत नाही. त्यामुळे त्याच्या निकालात काही वाकलेलं दिसलंच तर ते मूळ चित्रणातलं.

```
ffmpeg -i sopa.mov -vf vidstabdetect=shakiness=6:accuracy=15:result=sopa.trf -f null -
ffmpeg -i sopa.mov -vf vidstabtransform=input=sopa.trf:smoothing=12:optzoom=0:crop=black -c:v libx264 -crf 16 -an sopa_check.mp4
```

`smoothing=12` म्हणजे मागच्या १२, पुढच्या १२ आणि चालू फ्रेम मिळून २५ फ्रेमची, म्हणजे एका सेकंदाची सरासरी. `optzoom=0` आणि `crop=black` मुद्दाम ठेवले आहेत. त्यामुळे कडेला काळी पट्टी दिसते आणि फ्रेम कुठे, किती सरकवली जातेय ते उघड्या डोळ्यांनी कळतं. या फाइलीत खांब सरळ राहिले. दोन ठिकाणी, पाय जोरात आपटला तिथे, ते क्षणभर कलले, तेवढाच दोष सेन्सरचा. बाकी सगळं वाकणं स्थिरीकरणातून आलेलं होतं.

## खांब का वाकतात

इथे थोडं गणित करावं लागतं, कारण पुढचे सगळे निर्णय त्याच्यावर उभे आहेत.

हातातला कॅमेरा दोन तऱ्हांनी हलतो. मनगट डगमगतं तेव्हा कॅमेरा जागच्या जागी थोडा वळतो. पाऊल पडतं तेव्हा अख्खा कॅमेरा वर-खाली किंवा डावी-उजवीकडे जागा बदलतो. पडद्यावर दोन्ही हलण्यासारखीच दिसतात, पण चित्रावरचा त्यांचा परिणाम फार वेगळा आहे.

१६ मिलिमीटरची लेन्स आणि साधारण २३.५ मिलिमीटर रुंदीचा सेन्सर, त्यावर ३८४० पिक्सेल. यावरून लेन्सची लांबी पिक्सेलमध्ये मोजली तर सुमारे २६०० येते. कॅमेरा एक अंश वळला की चित्र साधारण ४५ पिक्सेल सरकतं. जवळचा खांब ४५, लांबची भिंतही ४५. सॉफ्टवेअरनं अख्खी फ्रेम उलट्या दिशेला ४५ पिक्सेल सरकवली की झालं, काही बिघडत नाही.

आता पावलाचं बघू. पावलामुळे कॅमेरा तीन सेंटिमीटर खाली गेला असं धरा. एक मीटरवरचा खांब चित्रात सुमारे ७८ पिक्सेल सरकतो आणि नऊ मीटरवरची भिंत जेमतेम नऊ पिक्सेल. एकाच फ्रेममध्ये, एकाच क्षणी एका वस्तूला ७८ परत हवेत आणि दुसरीला नऊ. अख्खी फ्रेम कितीही सरकवली तरी दोघींचं समाधान होणार नाही. खांब जागेवर आणला तर भिंत उसळते आणि भिंत धरली तर खांब.

Subspace Warp हाच पेच सोडवायला बनलेली पद्धत आहे. ती फ्रेमवर एक जाळी कल्पते आणि जाळीचे वेगवेगळे भाग वेगवेगळे सरकवते. या घराण्यातलं संशोधन २००९ आणि २०११ साली सिग्राफ या संगणक-चित्रांच्या परिषदेच्या मंचावर आलं आणि २०११ मध्येच वॉर्प स्टॅबिलायझर आफ्टर इफेक्ट्समध्ये दिसला. काम ती हुशारीनं करते, पण तिला चित्रातले ठिपके बऱ्याच फ्रेमपर्यंत सलग पकडता यावे लागतात. सोप्यातला खांब फ्रेमच्या कडेनं आत येतो आणि सेकंदाभरात बाहेर जातो. त्याच्यावरचे ठिपके पकडतोय न पकडतोय तोवर निसटतात. मग खांब आणि त्यामागची भिंत यांच्या मधल्या जागेचं काय करायचं, हे जाळीला अंदाजानं भरून काढावं लागतं आणि ती तिथला चुना ताणते. खांब वाकलेला दिसतो तो असा.

दिलासा एवढाच की या दोन हालचालींचा वेग सारखा नसतो. हाताची थरथर जलद असते, सेकंदाला आठ-दहा वेळा, आणि तिच्यात वळणं जास्त असतं. पावलाचा हेलकावा इथे सेकंदाला दीड वेळा होता आणि त्यात जागा बदलणं जास्त होतं. याचा उपयोग असा की Smoothness कमी ठेवलं तर फक्त जलद थरथर जाते, म्हणजे जी निरुपद्रवीपणे काढता येते तीच. Smoothness वाढवत नेलं की सॉफ्टवेअर हेलकाव्याला हात घालतं आणि वाकणं तिथून सुरू होतं. नातवाचं ५० टक्के या रेषेच्या बरंच पलीकडे होतं.

## समोर असलेले पर्याय

मूळ फुटेज तसंच ठेवावं, असं आमच्यातल्या एकाचं मत होतं. घरच्या माणसांना डळमळ चालते, खोटेपणा चालत नाही, हा त्याचा मुद्दा. मुद्दा चुकीचा नव्हता, पण दोन मिनिटं चाळीस सेकंद मोठ्या टीव्हीवर ते पाहिलं तर वयस्कर मंडळींना गरगरलं असतं.

जायरोच्या, म्हणजे कॅमेऱ्याचं वळणं मोजणाऱ्या सेन्सरच्या, नोंदीवरून स्थिर करणं हा तत्त्वतः फार चांगला रस्ता. जायरोफ्लोसारखं सॉफ्टवेअर चित्रातले ठिपके बघत बसत नाही, कॅमेरा प्रत्यक्षात किती वळला याची नोंद वापरतं. त्यामुळे ते वळणंच दुरुस्त करतं आणि पावलांच्या हेलकाव्याच्या वाटेला जात नाही. पण त्यासाठी चित्रण करतानाच ती नोंद व्हायला हवी. या कॅमेऱ्यात ती नव्हती, त्यामुळे विषय संपला.

तिसरा पर्याय Subspace Warp ठेवून Smoothness खाली आणण्याचा. दहा टक्क्यांवर वाकणं बरंच कमी झालं, पण खांब जवळून जाताना एक उचकी येतच होती. आजीनं मान वळवली की तिच्या कानामागची भिंतही तिच्याबरोबर किंचित वळायची. सॉफ्टवेअर तिच्या पदरावरचे ठिपके पकडून बसलं होतं आणि तिची हालचाल कॅमेऱ्याची समजत होतं.

चौथा पर्याय साधी पद्धत वापरण्याचा. Method मध्ये Position घेतलं की फ्रेम फक्त सरकते. Position, Scale, Rotation घेतलं की फिरते आणि लहान-मोठीही होते. या दोन्हींत खांब वाकूच शकत नाही. किंमत अशी की हेलकावा शिल्लक राहतो. आणखी एक तोटा सहसा लक्षात येत नाही: सेन्सरच्या ओळीओळीच्या वाचनाची दुरुस्ती, म्हणजे Rolling Shutter Ripple, फक्त Perspective आणि Subspace Warp बरोबर चालते. साधी पद्धत घेतली की ती हातची जाते.

यातला एकच पर्याय अख्ख्या शॉटला लावायचा, असा विचार आधी चालला होता. खरा निर्णय तिथे झाला. दोन मिनिटं चाळीस सेकंद हा बघणाऱ्यासाठी एक शॉट असला तरी स्थिरीकरणाच्या दृष्टीनं त्यात पाच वेगळ्या जागा आहेत, प्रत्येकीचा उजेड वेगळा आणि अंतरं वेगळी. म्हणून पाच तुकडे केले आणि प्रत्येकाचा निर्णय स्वतंत्र घेतला. तुकडे पाडायच्या जागा वाड्यानंच दिल्या. प्रत्येक उंबरठ्यावर चौकटीची सावली क्षणभर फ्रेम भरून टाकते, तिथे एका सेटिंगवरून दुसऱ्यावर गेलेलं कळत नाही.

## काय केलं

तांत्रिक मांडणी आधी. वॉर्प स्टॅबिलायझरला क्लिप आणि सीक्वेन्सचा आकार सारखा लागतो. म्हणून ४केच्या सीक्वेन्समध्ये तुकडे ठेवले, तिथेच स्थिर केले आणि तो सीक्वेन्स नेस्ट करून, म्हणजे एकच क्लिप असल्यासारखा, १०८०च्या अंतिम टाइमलाइनवर आणला. याचा फायदा मोठा. स्थिर करताना कडा कापाव्या लागतात आणि चित्र तेवढं मोठं करावं लागतं. ४केमधून १०८० काढायचं असेल तर चित्र दुपटीपर्यंत मोठं केलं तरी तपशील घटत नाही. त्यामुळे चित्र भुरकट होण्याची चिंता नव्हती. चौकट आवळली जाण्याची मात्र होती. नातवाच्या फाइलीत Auto-scale, म्हणजे चित्र किती मोठं केलं तो आकडा, १२८ टक्के दाखवत होतं आणि आजीची पावलं फ्रेमबाहेर गेली होती. ती अनवाणी चालतेय, हे त्या शॉटमध्ये दिसायला हवं होतं. म्हणून कुठल्याही तुकड्यात Auto-scale ११० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही, असं ठरवलं. हा आकडा कुठल्या पुस्तकात नाही, या शॉटमध्ये पावलं जिथवर दिसत होती तिथवरचा आहे.

ओसरी आणि चौक या दोन तुकड्यांत काम सोपं होतं. भरपूर उजेड, आणि जवळचं असं काही नाही. चौकात मधे तुळशीवृंदावन आणि खांब सगळे लांब. तिथे Position, Scale, Rotation आणि Smoothness १५ टक्के पुरलं. चौकात Subspace Warp सुद्धा चालून गेलं असतं. सगळं सारख्याच अंतरावर असेल तर जाळीला ओढाताण करायचं कारणच उरत नाही.

सोप्यात Position, Scale, Rotation नं वेगळाच त्रास दिला. आजी फ्रेमच्या मधोमध, तिचं अंतर सारखं बदलतंय, त्यामुळे सॉफ्टवेअर चित्र लहान-मोठं करत राहिलं. खांब सरळ होते, पण खोली श्वास घेत होती. म्हणून फक्त Position घेतलं आणि Smoothness ६ टक्क्यांवर आणलं. बारीक थरथर गेली, पावलं राहिली. पाय आपटल्याच्या दोन जागी खांब कलत होते, तिथे स्थिरीकरणाच्या आधी Rolling Shutter Repair हा वेगळा इफेक्ट त्याच्या मूळच्या ५० टक्के दरावर लावला. २५ फ्रेमच्या चित्रणात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे सेन्सर ती २० मिलिसेकंदांत वाचतो असं त्यात धरलेलं असतं. कल पूर्ण गेला नाही, पण डोळ्यात भरायचा थांबला.

माजघरात वेगळीच गाठ पडली. अंधार, शटर १/५०, त्यामुळे प्रत्येक धक्क्याबरोबर चित्र फरफटलेलं नोंदलं गेलंय. स्थिर केल्यावर फ्रेम जागच्या जागी राहते, पण दर पावलाला सगळं चित्र पुसट होतं आणि पुन्हा स्पष्ट होतं. हलणाऱ्या चित्रात पुसटपणा स्वाभाविक वाटतो, थांबलेल्या चित्रात तो डोळ्यांचा दोष वाटतो. थोडं शार्पन केलं, थोडा ग्रेन टाकला, फरक पडला नाही. फ्रेममध्ये जो तपशील नोंदलाच गेला नाही तो कुठून आणणार? तिथे स्थिरीकरण काढून टाकलं. आजीचा आवाज सलग ठेवला आणि त्यावर नातवानं माजघरात उभं राहून घेतलेले दोन स्थिर शॉट टाकले, जात्याचा आणि फडताळाचा. सलग शॉट तुटला. यावर नातू नाराज होता. "ताई, एकसलग आहे म्हणून तर तो शॉट खास होता ना," असं तो म्हणाला आणि त्याचं म्हणणं खरं होतं. त्याला दोन्ही आवृत्त्या टीव्हीवर दाखवल्या आणि निर्णय त्याच्यावर सोडला. त्यानं तुटलेली निवडली.

देवघरापाशी नातू उभा राहिला होता, चालणं थांबलं होतं. पावलं नाहीत, म्हणजे उरलं ते वळणंच. इथे Result मध्ये No Motion, म्हणजे कॅमेऱ्याची सगळी हालचाल काढून टाकणं, चालू शकतं. अडचण एवढीच की आजीचा हात आरतीसाठी पुढे येतो आणि सॉफ्टवेअर त्याच्यामागे जातं. हा एक तुकडा आफ्टर इफेक्ट्समध्ये नेला, पकडलेले ठिपके दाखवायला लावले आणि आजीवरचे सगळे पुसले. फक्त देव्हाऱ्यावरचे ठेवले. देव्हारा तिपाईवरून घेतल्यासारखा थांबला.

शेवटी जोडणी. पूर्ण स्थिर देवघर एकदम आलं असतं तर आधीचा सोपा जास्तच डळमळीत वाटला असता. म्हणून No Motion सोडून देवघरालाही थोडी हालचाल ठेवली. शेजारच्या तुकड्यांमधला फरक हा एकेका तुकड्यातल्या डळमळीपेक्षा जास्त खटकतो.

## निकाल

तयार झालेल्या शॉटमध्ये खांब कुठेच वाकत नाहीत. सोप्यात पावलं जाणवतात आणि बघणाऱ्याला कुणीतरी आजीच्या मागे चालतंय हे कळतं. काकांनी सोप्यातला भाग दोनदा मागे घेऊन पाहिला आणि तिसऱ्या खांबावरची उखडलेली पाकळी दाखवली. नातवाच्या आधीच्या फाइलीत ती पाकळी ताणली जाऊन ओळखू येत नव्हती.

सगळं जमलं असंही नाही. देवघराच्या आधीच्या बोळातला साधारण दीड सेकंद अजून खराब आहे. चौकातून सोप्यात जाताना चौकटीची कलणारी कडा बारकाईनं बघणाऱ्याला दिसते. परदेशातल्या चुलत भावंडांनी दुव्यावरून, म्हणजे बहुधा मोबाइलवर पाहिलं, आणि त्यांच्यातल्या एकानं विचारलं की नातवाची आधीची आवृत्ती जास्त गुळगुळीत होती, ती का नाही ठेवली. लहान पडद्यावर त्याला ती तशीच दिसली असणार.

## वेगळं काय करता आलं असतं

एडिटमध्ये फार नाही. विड-स्टॅबची तपासणी सगळ्यात आधी करून घेतली असती तर Subspace Warp वर घालवलेला वेळ वाचला असता, एवढंच. शंका असेल तिथे आधी ती काळ्या कडांची फाइल काढावी, असं आता आमच्याकडे ठरलेलं आहे.

चित्रणात मात्र बराच वाव होता. बाहेर आणि चौकात शटर १/१०० किंवा त्याहून जलद ठेवता आलं असतं, उजेड होता. आत आयएसओ वाढवून चित्रात दाणे आले असते, पण दाणे नंतर कमी करता येतात, फरफट काढता येत नाही. स्थिर करायचं आहे हे आधीच माहीत असेल तर सेकंदाला २५ फ्रेमला १/५० हा नेहमीचा नियम मोडलेला बरा. हालचाल थोडी तुटक वाटते, ती चालते.

दुसरं म्हणजे खांबापासूनचं अंतर. तोच तीन सेंटिमीटरचा हेलकावा, पण खांब एकाऐवजी दोन मीटरवर असता तर ७८ ऐवजी ३९ पिक्सेल सरकला असता. सोप्याच्या मधल्या भागातून चाललं असतं तर तेवढं अंतर मिळत होतं. नातू खांबांच्या रांगेला चिकटून चालला, कारण आजीचा चेहरा थोडा बाजूनं यावा असं त्याला वाटत होतं. चेहरा आला हेही खरं, आणि मी त्याच्या जागी असते तर कदाचित तिथूनच चालले असते.

तिसरं, प्रत्येक उंबरठ्यावर दहा सेकंद उभं राहणं. त्या खोलीचा एक स्थिर शॉट हातात राहतो. माजघरात नातवानं योगायोगानं असे शॉट घेतले होते म्हणून वाट निघाली. देवघराच्या आधीच्या बोळात घेतले नव्हते, आणि तो दीड सेकंद त्यामुळेच तसाच राहिला.

मोबाइलच्या क्लिपांचं वेगळं सांगायला हवं. मोबाइल स्वतःच चित्र कापून, सरकवून, काही वेळा वाकवून स्थिर करतो आणि मगच साठवतो. त्यावर पुन्हा वॉर्प स्टॅबिलायझर लावला की दुसरं सॉफ्टवेअर पहिल्यानं केलेल्या दुरुस्त्यांनाच कॅमेऱ्याची हालचाल समजतं आणि कोपरे थरथरू लागतात. परसातल्या विहिरीच्या क्लिपेत नेमकं हेच झालं होतं. मोबाइलवर एकतर आतली सोय बंद करून घ्यावं आणि नंतर स्थिर करावं, किंवा चालू ठेवून घ्यावं आणि नंतर हात लावू नये. विहिरीची क्लिप आम्ही होती तशीच ठेवली.